तिसऱ्या दिवसाचा राउंड : न्यूमोनियाच्या पेशंटला इंजेक्शनवरून गोळीवर कधी आणि कसं आणायचं

वॉर्डातले केसपेपर चाळलेत तर रोज सकाळच्या नोंदीखाली तीन अक्षरं हमखास सापडतात : सीएसटी, म्हणजे कंटिन्यू सेम ट्रीटमेंट. इमर्जन्सीच्या रात्री पंचवीस-तीस पेशंट भरती झाले, की दुसऱ्या दिवशी हाउसमनच्या हातून हीच तीन अक्षरं उतरतात. त्यात कोणाचा आळस नसतो, प्रत्येक पेशंटचा नव्याने विचार करायला वेळच उरलेला नसतो. पण या सीएसटीमुळे तीन दिवसांत संपायला हवं होतं ते शिरेतलं अँटिबायोटिक सात दिवस चालतं. पेशंट वॉर्डात फेऱ्या मारतो, घरून आलेला डबा खातो, आणि रात्री दहा वाजता सिस्टर येऊन त्याच्या हातात सेफ्ट्रिअॅक्झोन सोडून जाते.

मुंबईतल्या वॉर्डांत नव्याने लागलेल्या हाउसमन आणि इंटर्न मंडळींसाठी हा लेख आहे. सगळ्या इन्फेक्शनांबद्दल लिहीत बसलो तर कशालाच न्याय मिळणार नाही, म्हणून एकच आजार घेतो : बाहेरून होऊन आलेला न्यूमोनिया. पावसाळ्यात तुम्हाला तो रोज दिसेल, आणि हा निर्णय शिकायला यापेक्षा चांगला आजार नाही. आपण एका पेशंटला भरतीपासून डिस्चार्जपर्यंत धरून चालू.

सोमवार रात्र : निर्णयाची तयारी भरतीच्या वेळीच

जुलै महिना. लालबागच्या चाळीत राहणारे ५६ वर्षांचे काका, दादरच्या बाजारात भाजीचा गाळा. चार दिवस ताप आणि खोकला, आज उजव्या कुशीत टोचतंय आणि दम लागतोय. कॅज्युअल्टीत ताप १०२.६ फॅरनहाइट, नाडी ११८, श्वास मिनिटाला ३०, बीपी १०४/६६, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ८८ टक्के. छातीच्या एक्स-रेमध्ये उजव्या खालच्या लोबमध्ये पांढरा पट्टा. पांढऱ्या पेशी १८,४००, सीआरपी २१०. मलेरियाची स्मिअर आणि डेंग्यूची टेस्ट निगेटिव्ह.

रात्री दहा वाजता सेफ्ट्रिअॅक्झोन २ ग्रॅम शिरेतून सुरू झालं, दिवसातून एकदा. जोडीला अॅझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम : पहिला डोस शिरेतून, पुढचे दोन गोळीने. शिवाय ऑक्सिजन, आणि ताप उतरायला दर आठ तासांनी पॅरासिटामॉल.

गोळीवर जाण्याचा प्रश्न तिसऱ्या दिवशी येणार असला, तरी त्यासाठी दोन कामं याच रात्री करून ठेवावी लागतात. पहिलं म्हणजे अँटिबायोटिकचा पहिला थेंब जाण्याआधी ब्लड कल्चर, आणि थुंकी मिळाली तर ती कल्चरला आणि सीबीनॅटला. पेशंट फार आजारी असेल तर थुंकीसाठी अँटिबायोटिक अडवून धरायचं नाही, पण ब्लड कल्चर काढायला पाचच मिनिटं लागतात. हे राहिलं की तिसऱ्या दिवशी तुमच्या हातात काहीच नसतं, आणि हात रिकामा असला की माणूस भीतीने इंजेक्शन चालू ठेवतो.

दुसरं काम म्हणजे केसपेपरवर औषधाच्या ओळीसमोरच लिहिणं : ‘सेफ्ट्रिअॅक्झोन, दिवस पहिला. आढावा ४८ तासांत.’ आढाव्याची वेळ लिहिलेली असेल तर राउंडला कोणीतरी विचारतं. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने २०२२ मध्ये ठरवलेल्या निकषांतही शिरेतल्या अँटिबायोटिकचा आढावा ४८ तासांच्या आत घ्यावा असंच म्हटलं आहे. हे ४८ तास पहिल्या डोसपासून मोजायचे, वॉर्डात बेड मिळाल्यापासून नाही. कॅज्युअल्टीत ट्रॉलीवर गेलेले आठ तास त्यात धरायचे.

बुधवार सकाळ : अजून नाही, पण पॅरासिटामॉल बंद

बुधवारी सकाळी राउंडला काका बरे दिसतात. पहिल्या डोसला ३४ तास झालेत. आदल्या रात्री दहाला ताप १०१.२ होता, आज सकाळी ९९.८. नाडी १०४, श्वास २६. दोन लिटर ऑक्सिजनवर सॅच्युरेशन ९५. चहात बुडवून अर्धा पाव खाल्ला.

आज गोळीवर आणायचं का? नाही. ताप उतरून अजून २४ तास झालेले नाहीत, श्वास आणि नाडी दोन्ही हद्दीबाहेर आहेत, आणि ऑक्सिजन लागतोय. पण म्हणून ‘सीएसटी’ लिहून पुढच्या बेडकडे वळायचं नाही. उद्याचा निर्णय नीट घेता यावा यासाठी एक गोष्ट आजच करायची : ठरावीक वेळेचं पॅरासिटामॉल बंद करून ‘गरज पडली तर’ असं लिहायचं.

हे नव्या लोकांच्या लक्षात येत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. दर आठ तासांनी पॅरासिटामॉल जाणाऱ्या पेशंटचा चार्ट सरळ दिसतो, पण तो पॅरासिटामॉलचा चार्ट असतो. त्याच्यावरून इन्फेक्शन आटोक्यात आलं की नाही हे कळत नाही. मग दोन्ही बाजूंनी चूक होते. कोणी सरळ चार्टवर विसंबून गोळीवर आणतं, घरी गेल्यावर पॅरासिटामॉल सुटतं आणि ताप वर येतो. किंवा कोणाला तापाची खात्रीच वाटत नाही, आणि इंजेक्शन आणखी दोन दिवस चालतं. काकांना शेवटचं पॅरासिटामॉल बुधवारी सकाळी सहाला गेलं होतं. तिथून पुढचा चार्ट हा त्यांचा स्वतःचा.

गुरुवार सकाळ : बेडजवळ उभं राहून पाहायच्या गोष्टी

न्यूमोनियाचा पेशंट ‘स्थिर’ कधी म्हणायचा, याचे आकडे १९९८ पासून ठरलेले आहेत आणि जगभर तेच वापरतात. ताप १०० फॅरनहाइट किंवा खाली. नाडी १०० किंवा कमी. श्वास मिनिटाला २४ किंवा कमी. वरचं बीपी ९० किंवा जास्त. ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन ९० किंवा जास्त. शुद्ध नेहमीसारखी, आणि तोंडाने घेता येतंय. बहुतेक पेशंट तिसऱ्या-चौथ्या दिवशी इथे पोचतात.

आकडे पाठ करायला एक मिनिट लागतं. ते खरे आहेत का, हे पाहायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं तुम्ही स्वतः द्यायची आहेत.

श्वास स्वतः मोजा. भरलेल्या वॉर्डात पन्नास पेशंटांमागे दोन सिस्टर असतात. चार्टवर बेड एकपासून बेड चाळीसपर्यंत सगळ्यांचा श्वास २० लिहिलेला दिसतो, त्यात त्यांचा दोष नाही. नाडी धरल्यासारखा हात धरा आणि पूर्ण मिनिटभर छातीकडे पाहा. मोजतोय असं कळलं की माणूस वेगळा श्वास घेतो.

सॅच्युरेशन ऑक्सिजन काढून पाहा. मास्क काढल्या काढल्या आलेला आकडा धरू नका. दहा मिनिटं थांबा, तोवर शेजारचा पेशंट पाहून घ्या. बोटाला मेंदी किंवा नेलपॉलिश असेल तर दुसरं बोट धरा.

खाताना पाहा. ‘जेवतात का?’ असं विचारलं की नातेवाईक ‘हो’ म्हणतात, कारण त्यांना घरी जायचं असतं, नाहीतर ‘काहीच नाही’ म्हणतात, कारण त्यांना काळजी असते. डबा उघडा दिसला की किती उरलंय ते बघावं. पाणी पिताना ठसका लागतो का, उलटी झाली का, जुलाब आहेत का, हेही पाहायचं. गोळी पोटात राहून आतड्यातून रक्तात गेली पाहिजे, एवढंच इथे तपासायचं असतं. नाकातून रायल्स ट्यूब असली तरी ती अडचण नाही, आतडं चालू असेल तर ट्यूबमधून औषध देता येतं. फक्त कोणती गोळी कुटून किंवा विरघळवून चालते ते फार्मसीत विचारून घ्या.

काकांचं गुरुवारी सकाळी आठचं चित्र असं. बुधवारी सकाळी सहानंतर पॅरासिटामॉल नाही. दुपारी दोनला ताप ९९.४, संध्याकाळी सहाला ९९.६, रात्री दहाला ९९, आज सकाळी ९८.६. नाडी ९२, श्वास २०, बीपी १२२/७८. ऑक्सिजन काढून दहा मिनिटांनी सॅच्युरेशन ९४. काल रात्री वरण-भात पूर्ण संपवला. पांढऱ्या पेशी ११,२००, सीआरपी ९६. ब्लड कल्चरमध्ये ४८ तासांत काही उगवलेलं नाही. थुंकीचं सीबीनॅट निगेटिव्ह.

सगळे निकष पूर्ण आहेत. काकांना आज गोळीवर आणायचं.

आता तुमचा हात कशाने अडेल ते सांगतो. सीआरपी अजून ९६ आहे, म्हणजे नॉर्मल नाही. नॉर्मल व्हायची गरजही नाही. तो उतरतोय का, एवढंच पाहायचं, आणि २१० वरून तो निम्म्याच्या खाली आलाय. पांढऱ्या पेशींचं तसंच. पेशंटला स्टेरॉईड चालू असेल तर त्या पेशींवर विसंबूही नका, स्टेरॉईडने त्या वाढलेल्याच राहतात. एक्स-रे पुन्हा काढायचं मनातही आणू नका. पेशंट सुधारल्यावरही एक्स-रेवरची सावली आठवडे राहते, आणि ‘एक्स-रे अजून खराब आहे’ म्हणून वाढवलेल्या इंजेक्शनांचा कोणालाच उपयोग नसतो. उजव्या बाजूला तळाशी श्वासाबरोबर करकर ऐकू येतेय, तीही काही दिवस राहणार.

आणखी एक शंका नेहमी येते : ब्लड कल्चरमध्ये न्यूमोकोकस उगवला असता तर? पेशंट वरच्या सगळ्या निकषांवर स्थिर असेल आणि जंतू निवडलेल्या गोळीला दाद देणारा असेल, तर तेवढ्यावरून इंजेक्शन लांबवायचं कारण नाही. मात्र स्टॅफिलोकोकस ऑरियस उगवला तर हा लेख बाजूला ठेवा आणि त्याच क्षणी रजिस्ट्रारला फोन करा. तो जंतू हृदयाच्या झडपांवर आणि हाडांत जाऊन बसतो. तिथला हिशोब वेगळा आहे आणि तो हाउसमनने एकट्याने करायचा नाही. मेंदूज्वर, झडपेचं इन्फेक्शन, न काढलेला पू, केमोथेरपीने पेशी घसरलेला पेशंट, हेही त्याच रांगेत. या मंडळींनाही कधी गोळी चालत नाही असं नाही. २०१९ मध्ये झडपेच्या आणि हाडांच्या इन्फेक्शनांवर दोन मोठे अभ्यास आले, आणि निवडक पेशंटांत गोळ्या इंजेक्शनांच्या तोडीस तोड ठरल्या. पण ते पेशंट आधी नीट निवडलेले होते, आणि पुढे त्यांच्यावर बारीक लक्ष होतं.

कोणती गोळी

इथे सगळ्यात जास्त गडबड होते.

सेफ्ट्रिअॅक्झोन बंद केलं की हात आपोआप ‘सेफिक्झिम २०० बीडी’ लिहितो. दोन्ही तिसऱ्या पिढीची, म्हणजे सेफिक्झिम हे सेफ्ट्रिअॅक्झोनचं गोळीतलं रूप, अशी समजूत आपल्याकडे पक्की बसली आहे. ती चुकीची आहे. पिढी एक असली म्हणून औषध एक होत नाही. सेफिक्झिमचा साधारण निम्माच भाग आतड्यातून शोषला जातो. १ ग्रॅम सेफ्ट्रिअॅक्झोन शिरेतून दिल्यावर रक्तातली पातळी मिलिलिटरला दीडशे मायक्रोग्रॅमच्या आसपास जाते, तर ४०० मिलिग्रॅम सेफिक्झिमने चारच्या आसपास. सेफ्ट्रिअॅक्झोनचा मोठा भाग प्रथिनांना चिकटलेला असतो हे धरलं तरी फरक मोठाच उरतो. त्यात पेनिसिलिनला अर्धवट दाद देणाऱ्या न्यूमोकोकसवर सेफिक्झिम लंगडं पडतं, आणि स्टॅफिलोकोकसवर जवळजवळ चालतच नाही. लघवीच्या इन्फेक्शनात त्याला जागा आहे. फुफ्फुसात मी ते लिहीत नाही.

काकांसाठी योग्य गोळी अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड ६२५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवणाबरोबर. तीनदा का? हे औषध जंतूवर किती जोरात आदळतं यापेक्षा किती वेळ त्याच्या अंगावर राहतं यावर चालतं. ६२५ ची गोळी दोनदा लिहिली तर मधले काही तास रिकामे जातात. जेवणाबरोबर घेतल्याने पोटाला कमी त्रास होतो. जुलाब लागले तर ते बहुधा क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडचे असतात, हे पेशंटला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो स्वतःच गोळी बंद करतो. लिहिण्याआधी पेनिसिलिनची अॅलर्जी, किडनीचा रिपोर्ट आणि आधी या औषधाने कावीळ झाली होती का, एवढं विचारायचंच.

अॅझिथ्रोमायसिनचे सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन डोस पूर्ण झाले. ते पुन्हा लिहायचं नाही. पेशींमध्ये ते बरेच दिवस टिकून राहतं.

आणि लिव्होफ्लॉक्सासिन? कागदावर ते सगळ्यात देखणं आहे. जवळजवळ सगळंच्या सगळं शोषलं जातं, दिवसातून एकच गोळी, शिरेतला आणि तोंडाने दिलेला डोस तोच. मीही हाउसमन असताना याच मोहात पडलो होतो. पावसाळ्यातच, तिशीतला एक मुलगा, डाव्या वरच्या लोबमध्ये न्यूमोनिया, तीन दिवसांत ताप कमी. थुंकी तपासायला पाठवलेलीच नव्हती, पाठवायला हवी होती ती मी. लिव्होफ्लॉक्सासिन लिहून मी त्याला घरी पाठवलं. आठवड्याभरात त्याला इतकं बरं वाटलं की तो ओपीडीत आलाच नाही. महिन्याने आला तेव्हा वजन सहा किलो उतरलं होतं, आणि थुंकीत टीबी सापडला. लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूलाही मारतं. पण एकटंच, थोडे दिवस दिलं तर ते मारण्याऐवजी झाकतं, आणि जंतूला त्या औषधाची सवय लावू शकतं. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीच्या उपचारात लिव्होफ्लॉक्सासिन आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन ही आपली मोठी हत्यारं आहेत. मुंबईसारख्या शहरात, जिथे शिवडीच्या टीबी रुग्णालयात असे पेशंट रोज येतात, तिथे ती न्यूमोनियावर सहज उधळायची नाहीत. पेनिसिलिनची खरी, गंभीर अॅलर्जी असेल आणि दुसरा मार्ग नसेल तर रजिस्ट्रारशी बोला, आधी सीबीनॅट पाठवा, आणि मग लिहा.

थुंकी किंवा रक्तात जंतू उगवलाच असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवून रिपोर्टप्रमाणे गोळी निवडायची. गोळीचं रूप नसलेल्या औषधावरच तो मरत असेल, तर पेशंट कितीही चालता-फिरता झाला तरी त्याला इंजेक्शन पूर्ण करावं लागतं. आपल्या वॉर्डांत हे वरचेवर होतं.

गोळ्या लिहिताना पेशंटचं बाकीचं ताटही बघा. डॉक्सिसायक्लिन किंवा लिव्होफ्लॉक्सासिन दिलं असेल तर कॅल्शियम, लोह आणि अँटासिड त्याच वेळी घेतलेलं चालत नाही. ते आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि अँटिबायोटिक बाहेर पडून जातं. दोन-तीन तासांचं अंतर ठेवा. सेफ्युरॉक्झिमची गोळी लिहिलीत, तर प्रत्येक डिस्चार्ज कार्डावर सवयीने उतरणारं पॅन्टोप्राझोल तिचं शोषण कमी करतं.

पहिली गोळी आणि हातातली सुई

काकांचा पुढचा सेफ्ट्रिअॅक्झोनचा डोस गुरुवारी रात्री दहाला होता. पहिली गोळी त्या वेळेपर्यंत गेलीच पाहिजे, म्हणजे मध्ये खंड पडत नाही. आम्ही दुपारच्या जेवणाबरोबरच दिली. थोडं एकावर एक झालं तरी बिघडत नाही, आणि उलटी होते का, हे डिस्चार्जच्या आधी दिसतं. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटीत गोळी पडली तर पुन्हा द्यायची.

आणि त्याच दुपारी इंट्राकॅथ काढायचा. ‘असू दे, लागला तर’ असं सगळेच म्हणतात. पण गोळीवर आणण्याचा अर्धा फायदा ती सुई निघण्यात आहे. काकांच्या डाव्या हाताच्या मागच्या बाजूला लावलेल्या इंट्राकॅथचं चिकटपट्टीचं टोक सुटलं होतं. पट्टी उचलून पाहिल्यावर सुईच्या तोंडाशी रुपयाच्या नाण्याएवढी लाली दिसली, आणि शिरेवर बोट फिरवलं तर दोन बोटं लांब दोरीसारखी कडक शीर लागली. दाबल्यावर काकांनी हात मागे घेतला. तिसऱ्या दिवसाच्या इंट्राकॅथचं हे नेहमीचं चित्र. आणखी दोन दिवस राहिला असता, तर तिथूनच नवा ताप आला असता. मग राउंडला कोणीतरी म्हणालं असतं की गोळी लागू पडत नाही, आणि काका पुन्हा इंजेक्शनवर गेले असते, दुसऱ्या हातात.

सिस्टरना तोंडी सांगून सोडू नका. औषधाच्या तक्त्यावर सेफ्ट्रिअॅक्झोनच्या ओळीवर रेघ मारून तारीख, वेळ आणि सही करा, आणि खाली गोळीची नवी ओळ लिहा. रेघ मारायची राहिली की रात्रीच्या ड्युटीला इंजेक्शनही जातं आणि गोळीही जाते.

नातेवाईकांशी बोलणं

सलाईनची बाटली खाली उतरली की घरच्यांचा धीर खचतो. काकांचा मुलगा नर्सिंग स्टेशनला आला.

“डॉक्टर, सलाईन का काढली? कालपर्यंत ताप होता ना त्यांना? आम्ही पैसे भरायला तयार आहोत हो, औषध बाहेरून आणायचं असेल तर सांगा.”

अशा वेळी ‘प्रोटोकॉल आहे’ म्हणून मोकळं होऊ नका. माझी रजिस्ट्रार त्याला बेडजवळ घेऊन गेली. “हे बघा दादा, सोमवारी रात्री यांना श्वास घेताना वाक्य पूर्ण करता येत नव्हतं. तेव्हा औषध लगेच रक्तात जायला हवं होतं, म्हणून शिरेतून दिलं. आता बाबा जेवतायत, त्यामुळे गोळीही पोटातून रक्तात जाणार, आणि उरलेलं काम ती करेल. सुई ठेवली तर उलट इथून जंतू आत जातील, ही लाली बघा.” मुलाने हात पाहिला आणि मग त्याने पहिल्यांदा गोळीची वेळ विचारली.

खासगी हॉस्पिटलात काम करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते : गोळ्यांवर असलेल्या पेशंटला भरती कशाला ठेवलं, असा प्रश्न मेडिक्लेमवाले विचारतील म्हणून इंजेक्शन चालू ठेवलं जातं. त्याला उत्तर केसपेपरवरच आहे. ऑक्सिजन किती दिवस लागला, श्वास किती होता, निकष कधी पूर्ण झाले, हे रोज नीट लिहिलेलं असेल तर भरतीचं कारण तिथेच दिसतं.

किती दिवस

‘इंजेक्शन झालं, आता गोळीचा सात दिवसांचा कोर्स’ असा वेगळा हिशोब धरायचा नाही. दिवस एकूण मोजायचे, इंजेक्शनचे धरून. न्यूमोनियात पेशंट स्थिर होत गेला असेल आणि शेवटी निदान दोन दिवस ताप नसेल, तर पाच दिवस पुरतात. काकांचे तीन सेफ्ट्रिअॅक्झोनचे डोस म्हणजे गुरुवार रात्रीपर्यंतचे तीन दिवस. उरले दोन. गोळ्या गुरुवारी दोन, शुक्रवारी तीन, शनिवारी तीन, एकूण आठ. डिस्चार्ज कार्डावर ‘पाच दिवस’ असं लिहू नका, कारण घरी गेल्यावर ते डिस्चार्जपासूनचे पाच धरले जातात. लिहायचं : ‘शेवटची गोळी शनिवारी रात्रीच्या जेवणाबरोबर.’ आणि मराठीत लिहा, किंवा घरात जी भाषा वाचतात तीत. दुपारची एक गेली, उरलेल्या सातही गोळ्या वॉर्डातून बाहेर पडण्याआधी पेशंटच्या हातात असाव्यात. गुरुवारी संध्याकाळी घरी सोडून ‘उद्या केमिस्टकडून घ्या’ म्हटलं, की रात्रीची गोळी बुडते.

गोळी सुरू केल्यावर पेशंटला ‘बघायला’ आणखी एक रात्र ठेवायची जुनी पद्धत आहे. पेशंट स्थिर असेल, गोळी पोटात राहिली असेल आणि घरी बघणारं कोणी असेल, तर त्याची गरज नाही. काका गुरुवारी संध्याकाळी घरी गेले.

पुन्हा ताप आला तर

गोळीवर आणल्यावर ताप परत आला की लगेच जास्त भारी इंजेक्शन लिहू नका. आधी गोळी पोटात गेली का ते विचारा : चुकली, उलटली, की बाहेरून दुसरंच काही आणून घेतलं. मग हात पाहा, सुई होती ती जागा दाबून पाहा. मग छातीचा तळ ठोकून पाहा. तिथे दगडासारखा बद्द आवाज आला आणि श्वासाचा आवाज हरवला असेल, तर फुफ्फुसाबाहेर पाणी किंवा पू साठला असू शकतो. सोनोग्राफी करून सुई घालून तो तपासावा लागतो. पू असेल तर तो नळीने काढल्याशिवाय ना गोळी चालेल ना इंजेक्शन. हे तिन्ही नसेल तर निदानच पुन्हा तपासा : टीबी, आणि पावसाळ्यात मलेरियाची स्मिअर पुन्हा एकदा, कारण एका निगेटिव्ह स्मिअरने मलेरिया बाद होत नाही. मात्र श्वास ३० च्या पुढे, बीपी खाली किंवा पेशंट गुंगीत असेल, तर हा सगळा विचार बाजूला ठेवून आधी इंजेक्शन सुरू करा आणि सीनियरला बोलवा.

काकांना घरी जाताना हेच साध्या शब्दांत सांगितलं होतं : ताप १०० च्या वर, दम वाढला, गोळी उलटली किंवा छातीत दुखणं वाढलं, तर वाट न बघता परत यायचं.

पुढच्या मंगळवारी ते ओपीडीत आले. ताप नव्हता, सॅच्युरेशन ९७, हातावरची दोरी मऊ झाली होती, खोकला थोडा उरला होता. मुलाने बाहेरून नवा एक्स-रे काढून आणला होता आणि त्यावरची सावली बोटाने दाखवत होता. पहिला एक्स-रे शेजारी धरून त्याला सावली किती विरळ झाली ते दाखवलं. नवं अँटिबायोटिक लिहिलं नाही. काका वीस वर्षं विडी ओढत होते, म्हणून सहा आठवड्यांनी पुन्हा एक्स-रेची तारीख दिली, आणि खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला तर थुंकी पुन्हा द्यायला या, असं कार्डावर लिहिलं.